दोघांचंही उत्तर उणे १३५१

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये माझं काम म्हणजे चिठ्ठ्या वाटणं, सह्या घेणं आणि बाहेरून आलेल्या परीक्षक सरांना चहा वेळेवर मिळतोय ना ते बघणं. त्या दिवशी चहा निवायच्या आतच सरांनी मला खिडकीजवळ बोलावलं. शेजारशेजारच्या दोन मशीनकडे बोट दाखवत हळूच म्हणाले, "मॅडम, ही दोघं एकमेकांचं बघून लिहितायत."

दोघांना एकच चिठ्ठी आली होती. आरएसए या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचं छोटं उदाहरण. p = ५९, q = ६७, म्हणून n = ३९५३. φ म्हणजे ५८ गुणिले ६६, ३८२८. e = १७ दिलेला. d काढायचा, म्हणजे १७ चा इन्व्हर्स, १७ ला ज्याने गुणलं की ३८२८ ने भागून १ बाकी उरेल ती संख्या. मग एका अक्षराचा आकडा e च्या घाताने एन्क्रिप्ट करून d च्या घाताने परत मिळवून दाखवायचा, दोन्ही वेळा n ने भागून बाकी घ्यायची.

मुलगी सी मध्ये करत होती, मुलगा पायथॉनमध्ये. आणि दोन्ही स्क्रीनवर d = उणे १३५१.

"d कधी ऋण असतो का? बरोबर उत्तर सारखं आलं तर समजू शकतो. चुकीचं उत्तरही सारखंच?" सरांचा मुद्दा बिनतोड वाटत होता. पण मला शंका आली ती पुढच्या ओळीवरून. मुलाच्या स्क्रीनवर शेवटी ६५ दिसत होतं, म्हणजे 'A' परत आला होता. मुलीच्या स्क्रीनवर १. बघून लिहिलं असेल तर शेवट वेगळा कसा?

मी सरांसमोर उत्तरपत्रिकेची पुरवणी उलटी ठेवली आणि हातानेच भागाकार मांडले.

३८२८ = २२५ × १७ + ३
१७ = ५ × ३ + २
३ = १ × २ + १

मसावि १, म्हणजे इन्व्हर्स आहे. आता खालून वर यायचं. १ म्हणजे ३ वजा २. त्यातल्या २ च्या जागी १७ − ५ × ३ लिहिलं की १ = ६ × ३ − १७. आणि ३ च्या जागी ३८२८ − २२५ × १७ लिहिलं की ६ × ३८२८ − १३५१ × १७. झालं. १७ चा गुणक उणे १३५१. एक्सटेंडेड युक्लिड नीट लिहिलं तर कुणाच्याही हातून हाच आकडा पडतो, कारण ती रीत नेहमी लहानात लहान गुणक देते आणि त्याचं चिन्ह काय येईल ते भागाकाराच्या पायऱ्या किती झाल्या त्यावर ठरतं. वर्गातल्या साठही जणांनी लिहिलं असतं तरी साठही वेळा उणे १३५१ आलं असतं.

आणि ते चूकही नाही. १७ ला उणे १३५१ ने गुणा, उणे २२९६७ येतात. ३८२८ ची सहापट २२९६८. फरक एकाचा. फक्त ३८२८ मिळवून ते धन करायचं राहिलं होतं: २४७७.

सर पुरवणीकडे बघत राहिले. "बरं. मग हिचं १ का येतंय?"

हे मलाही लगेच सांगता आलं नाही. सी म्हटलं की माझा पहिला संशय ओव्हरफ्लोवर जातो. वर्ग करताना संख्या int मध्ये मावत नाही आणि गुपचूप कचरा होतो. पण इथे सगळ्यात मोठी बाकी ३९५२, तिचा वर्ग दीड कोटीच्या थोडा वर. int दोनशे कोटींच्या पुढे जातो. तो संशय गेला. मग मी तिला म्हटलं, 'A' ऐवजी 'B' दे. उत्तर १. 'Z' दे. १. इनपुट काहीही असो, उत्तर १ म्हणजे आकडेमोड चुकलेली नाही, आकडेमोड झालेलीच नाही.

तिचं फंक्शन असं होतं:

```c
long power(long a, long k, long n) {
    long r = 1;
    while (k > 0) {
        if (k & 1) r = r * a % n;
        a = a * a % n;
        k >>= 1;
    }
    return r;
}
```

यात खोट काढायला जागा नाही. एन्क्रिप्ट करताना ते चोख चाललं होतं. घातांक १७, बायनरीत १०००१, म्हणून ६५ चा चार वेळा वर्ग आणि शेवटी एकदा ६५ ने गुणाकार: २७२, २८३०, १२२, ३०२५ आणि मग २९२८. सतरा वेळा गुणत बसावं लागत नाही. २४७७ च्या घातालाही बायनरीत बाराच अंक लागतात, त्यात सात एकं. अकरा वर्ग, सहा गुणाकार, संपलं. पण k मध्ये उणे १३५१ गेलं की `while` चं दारच उघडत नाही. r सुरुवातीला १ होता, तसाच परत येतो. लूपच्या आत एक `printf` टाकायला लावला. एकही ओळ छापली गेली नाही.

"अगं, ऋण आलं तेव्हा काही केलं नाहीस?"

"मॅडम, % phi केलंय ना."

केलं होतं खरंच. पण सी मध्ये `-1351 % 3828` हे उणे १३५१ च राहतं, कारण तिथे बाकीचं चिन्ह भाज्यासारखं असतं. पायथॉनमध्ये तेच लिहिलं की २४७७ मिळतात. आम्ही वर्गात फळ्यावर 'mod' लिहितो आणि मुलं ते % समजतात. यात मुलांपेक्षा आमचा दोष जास्त.

तिने घाईत `if (d < 0) d += n;` लिहिलं. २६०२ आलं. मी काही बोलणार तोच तीच म्हणाली, "सम आलं मॅडम, हे नसणार." बरोबर. φ सम आहे, सम d ला कशानेही गुणलं तरी सम संख्येने भागून बाकी १ उरणार नाही. n पुसून phi केलं. २४७७. मग ६५. सरांनी तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि पुढे सरकले.

मागच्या बाकावरच्या मुलाकडे तीच चिठ्ठी होती आणि त्याचा d होता २०२९. ऋण नाही, सम नाही, दिसायला अगदी सोज्वळ. डिक्रिप्ट केलं की मात्र ६५ ऐवजी २१३२. त्याने युक्लिड लिहिलंच नव्हतं. "सर, इन्व्हर्स म्हणजे a चा m−२ घात. एलगमालच्या एन्क्रिप्शनला तसंच केलं होतं." तिथे ते चाललं होतं, कारण तिथे m मूळ संख्या होती आणि फर्माचा सिद्धांत लागू होता. इथे m म्हणजे ३८२८, आणि φ काही मूळ संख्या नसते. मी म्हटलं, १७ ने गुणून बघ. ३४४९३, भागून बाकी ४१. १ हवी होती.

पोरगा हुशार. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मग ऑयलर वापरतो." ३८२८ चे अवयव पाडले, ४ × ३ × ११ × २९. त्यावरून φ(३८२८) = ११२०. आणि तेच पॉवर फंक्शन वापरून १७ चा १११९ वा घात काढला. २४७७! सर खूश झाले, पण सोडलं नाही. "अवयव माहीत नसते तर?" ३८२८ चे अवयव तोंडी पडतात, खऱ्या किल्लीतल्या सहाशे अंकी φ चे पाडायला बसलास तर जन्म जाईल. युक्लिडला अवयव लागतच नाहीत, भागाकार करत सुटायचं. त्याने मान डोलावली आणि जर्नल उघडून युक्लिडचं पान काढलं.

आता राहिला पायथॉनवाला. त्याने d धन केलाच नव्हता, तरी उत्तर बरोबर. सरांना ते खुपत होतं. "तुझं कसं चाललं?" त्यालाही माहीत नव्हतं. त्याने शेवटी फक्त `pow(2928, -1351, 3953)` लिहिलं होतं. पायथॉन ३.८ पासून हे चालतं. घातांक ऋण दिसला की ते आधी २९२८ चा ३९५३ खालचा इन्व्हर्स काढतं आणि त्याचा १३५१ वा घात करतं. गणिताने अगदी वैध. म्हणजे शेजारणीचं जे उणे १३५१ बुडालं, तेच याचं पायथॉनने तारून नेलं. मी मनात याला पूर्ण गुण देऊन मोकळी झाले होते.

सर म्हणाले, "एकच अक्षर नको. एक शब्द टाक. COLLEGE."

पहिल्याच अक्षरावर प्रोग्राम कोसळला.

```
ValueError: base is not invertible for the given modulus
```

मुलगा गोंधळला. मीही. 'A' चालतो, 'C' चालत नाही? सर मात्र गालात हसत होते, त्यांच्या ध्यानात आलं असावं. मी एन्क्रिप्ट झालेला आकडा बघितला, ३०१५. युक्लिड लावलं: ३९५३ मधून ३०१५ गेले ९३८, मग २०१, १३४, ६७, आणि १३४ ला ६७ ने पूर्ण भाग गेला. मसावि १ नाही, ६७.

'C' चा ॲस्की आकडा ६७. आणि आमचा q सुद्धा ६७.

संदेशच q चा पट असला की त्याचा घातही q चा पट होतो, आणि त्याला ३९५३ खाली इन्व्हर्स नसतो. d = २४७७ घेतला तर हा प्रश्नच येत नाही, तिथे फक्त वर्ग आणि गुणाकार आहेत, ६७ निमूट परत येतो. ऋण घातांकाने मात्र वाटेत इन्व्हर्स मागितला आणि नेमका तिथेच पाय घसरला. शिवाय ज्याच्या हाती ३०१५ आणि ३९५३ हे दोन उघडे आकडे पडतील, तो पाच भागाकारांत q घेऊन जाईल. खऱ्या किल्लीत असा संदेश योगायोगाने सापडणं अशक्यच म्हणा. ५९ आणि ६७ घेऊन अक्षरागणिक एन्क्रिप्ट करणाऱ्या आमच्या चिठ्ठीत तो 'C' होता, 'v' होता आणि अर्धविरामही होता.

मुलाने `d % phi` एवढी एक भर घातली. COLLEGE परत आलं. नक्कलेचा विषय सरांनी पुन्हा काढला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी दुपारच्या बॅचसाठी चिठ्ठी बदलली. ॲस्की १२७ ला संपतो, तेव्हा दोन्ही मूळ संख्या त्याच्या वर घेतल्या: १३१ आणि १३७. e होता तसाच ठेवला, १७.

दहा मिनिटांत पहिल्या बाकावरून हात वर झाला. "मॅडम, φ १७६८० येतोय. पहिल्याच भागाकाराला बाकी शून्य. १३६ म्हणजे १७ आठे."