रजेचा फॉर्म आणि पेन्सिलीतलं 'नॉट पॉसिबल'

2019 ची गोष्ट, तेव्हा मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन 18 फेब्रुवारीला ठरलं, म्हणून 30 जानेवारीलाच 18 ते 23 अशी सहा दिवसांची रजा टाकली. खात्यावर 14 शिल्लक होत्या, त्यामुळे मी निवांत. 4 फेब्रुवारीला फॉर्म परत आला, कोपऱ्यात सुपरवायझरनी पेन्सिलीने 'नॉट पॉसिबल' लिहिलेलं, खाली सहीसुद्धा नाही. विचारायला गेलो तर म्हणाले, "21 ने 22 ना कस्टमर ऑडिट छे, भाऊ, तू नसशील तर गेजचे रेकॉर्ड कोण दाखवणार?"

डोकंच फिरलं. घरी दांडिया बाजारात येऊन जेवणाआधी फॅक्टरी मॅनेजरना मेल लिहायला बसलो आणि दीड पान लिहिलं, त्यात सहा वर्षांची नोकरी, दिवाळीत केलेली ओव्हरटाइम, आणि हेही की गेल्या महिन्यात दुसऱ्याला साळ्याच्या लग्नाला रजा मिळते मग माझ्या आईला का नाही. पाठवला नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये आमच्या स्टोअरच्या काकांना दाखवला, ते युनियनमधले जुने, त्यांनी माझ्याच पेनाने ओळीमागून ओळ खोडली. दिवाळी खोडली, लग्न खोडलं. म्हणाले, "अरे, दुसऱ्याच्या रजेचा विषय काढलास की साहेब त्याचंच उत्तर देत बसतील, तुझं राहील बाजूला. आणि सुपरवायझरचं कारण तूच लिही, त्याच्याच शब्दात."

हे मला आधी पटलंच नाही, समोरच्याची बाजू आपण कशाला मांडायची? पण करून बघितलं. मेल शेवटी इंग्रजीतच गेला, मराठीत सांगायचं तर एवढाच होता:

"सर, 30 जानेवारीला 18 ते 23 फेब्रुवारीच्या रजेचा अर्ज दिला होता. कारण आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, हॉस्पिटलचं पत्र सोबत आहे. शिल्लक रजा 14. काल सुपरवायझर साहेबांनी 21-22 च्या ऑडिटमुळे शक्य नसल्याचं सांगितलं, ही अडचण खरी आहे. गेजच्या कॅलिब्रेशनचे रेकॉर्ड मी 16 तारखेपर्यंत पूर्ण करून दुसऱ्या इन्स्पेक्टरला समजावून देईन. तरी फेरविचार व्हावा. हॉस्पिटलला कळवायचं असल्याने 9 तारखेपर्यंत उत्तर मिळाल्यास बरं होईल. रजा पूर्ण देता येत नसेल तर किती दिवस मिळू शकेल आणि उरलेली नामंजूर असल्याचं लेखी कळवावं, ही विनंती."

'तक्रार' हा शब्द कुठेच नाही. कलमाचा आकडाही नाही, तो काकांनी मुद्दाम लिहू दिला नाही, म्हणाले आधी माणसासारखं विचार, कलम खिशात ठेव. सीसीमध्ये सुपरवायझरना ठेवलं, पण पाठवायच्या आधी त्यांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं की साहेब, मी वर विचारतोय, तुमचं कारण त्यात लिहिलंय, एकदा वाचून बघा. चेहरा पडला त्यांचा, पण त्यांनी वाचलं आणि "16 नहीं, 15 तारीख लखो" एवढंच म्हणाले. मी 15 केलं. खरं तर तिथेच निम्मं काम झालं होतं, मला उगाच भीती वाटत होती.

8 तारखेला मॅनेजरनी आम्हा दोघांना बोलावलं. आईबद्दल एक वाक्य, मग सरळ सुपरवायझरना प्रश्न: "ऑडिटच्या दोन दिवसांशिवाय काय अडतं?" त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मला 18, 19, 20 आणि 23 मिळाले, 21-22 ला यायचं. त्या दोन दिवसांसाठी बहीण सुरतेहून आली.

मग मी एचआरच्या मॅडमकडे त्या दोन दिवसांचं लेखी मागितलं आणि त्या वैतागल्या, चार मिळाले ना, आता काय? यामागचं कारण काकांनीच शिकवलेलं. तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 79 मध्ये असं होतं की रजा निदान 15 दिवस आधी मागायची (माझे 19 होत होते), शिल्लक रजा पुढच्या वर्षात 30 दिवसांपर्यंतच नेता येते, पण मागूनही न दिलेली रजा त्या मर्यादेत धरत नाहीत, ती पुढे जातेच. माझ्या 14 मध्ये मर्यादेचा प्रश्न येणारच नव्हता, हे मलाही माहीत होतं. पण पेन्सिलीतलं 'नॉट पॉसिबल' उद्या खोडलं की मी रजा मागितलीच नव्हती असं होतं, आणि ते मला नको होतं. मॅडमनी शेवटी रजेच्या कार्डावर निळ्या पेनाने '2 दिवस नामंजूर, ऑडिटमुळे' लिहून सही केली.

त्यातला एक दिवस मार्चमध्ये आईचे टाके काढायला वापरला. त्या फॉर्मवर सुपरवायझरनी सही पेनाने केली, आणि "बाने केम छे?" विचारलं.