धालोची गाणी, पौष महिना आणि माझ्या प्रबंधाचे वेळापत्रक

गोव्यातील सत्तरी तालुक्यातील धालोगीते हा माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय होता आणि शाळेतील नोकरी सांभाळून मला तो पूर्ण करायचा होता. धालो हा स्त्रियांचा गाण्या-नाचाचा उत्सव पौषातच होतो. मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या मोकळ्या जागेत, स्त्रिया समोरासमोर दोन ओळी करून रात्री उशिरापर्यंत गातात, आणि तो महिना सरला की पुढच्या पौषापर्यंत मांडावरचे ते गाणे पुन्हा ऐकायला मिळत नाही. त्यामुळे माझ्या वेळापत्रकातील पहिली अट विद्यापीठाने नव्हे, पंचांगाने घातली होती. नियमानुसार पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात, असे ऐकले की हाती भरपूर वेळ आहे असे वाटते. पण माझ्या दृष्टीने ती सहा वर्षे म्हणजे मोजके पौष होते.

वेळ अपुरा पडला की उचलेगिरी होते, म्हणून वेळापत्रक आखण्यापूर्वी मी एक गोष्ट शोधत होते : माणूस दुसऱ्याचा मजकूर उचलतो तो नेमका कुठे? आमच्या विषयात त्याची दोन ठिकाणे आहेत. पहिले म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकरण, कारण ते बहुतेक जण शेवटी लिहितात आणि तोवर मूळ पुस्तके ग्रंथालयात परत गेलेली असतात. दुसरे ठिकाण अधिक गंभीर आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. ध्वनिमुद्रणे झालेली असतात, पण ती कागदावर उतरवायची राहिलेली असतात. तारीख जवळ आली की छापील लोकगीतसंग्रहातील गाणी घेऊन ती आपण गावात ऐकल्यासारखी परिशिष्टात लावली जातात. माझ्या परिचयातील एका संशोधकावर अशी वेळ आली होती. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढेच विचारले की, हे गाणे कोणी गायले आणि ध्वनिफीत कुठे आहे. पुढे काय झाले असेल, हे सांगायला नको.

म्हणून मी सर्वाधिक वेळ गाणी उतरवण्यासाठी राखून ठेवला. एका तासाचे ध्वनिमुद्रण नीट उतरवायला माझा रविवारचा संपूर्ण दिवस जात असे. स्त्रिया एकत्र गात असल्यामुळे शब्दांचे शेवट एकमेकांत मिसळतात, एकाच गाण्यात कोकणी आणि मराठी रूपे येतात, आणि काही शब्द आता रोजच्या बोलण्यात उरलेले नाहीत. असा शब्द आला की मी तिथे मोकळी चौकट ठेवत असे आणि पुढच्या भेटीत ते गाणे गाणाऱ्या काकींनाच विचारत असे. एकदा एक ओळ मला कितीही वेळा ऐकून कळेना. छापील संग्रहात तिच्याशी जुळणारी ओळ होती आणि ती त्या जागी सहज बसली असती. काकींनी मात्र निराळाच शब्द सांगितला. तो त्यांच्या वाड्यावरच्या पाणवठ्याचे नाव होते. संग्रहातील ओळ मी लिहिली असती, तर उचलेगिरी झाली असतीच, शिवाय त्या गाण्यातील त्या वाड्याची खूणही पुसली गेली असती.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या कागदावर वरच्या बाजूला गाव, वाडा, गाणारीचे नाव, तिची संमती, तारीख आणि फाइलचे नाव लिहायचे, आणि ज्या आठवड्यात ध्वनिमुद्रण झाले त्याच आठवड्यात निदान कच्चा मजकूर उतरवायचा, असा दंडक मी घालून घेतला. पौषात शाळा चालू असते, त्यामुळे हे जड गेले. तरीही मांडावरचा प्रसंग डोळ्यांसमोर ताजा असताना उतरवलेले गाणे आणि पावसाळ्यात उतरवलेले गाणे यांतील फरक पहिल्याच वर्षी लक्षात आला, आणि मग तो दंडक मोडावासा वाटला नाही. पक्का मजकूर गणपतीच्या चवथीच्या आधी तयार ठेवायचा, कारण चवथ आली की घरातील माणसाला प्रबंध वगैरे काही सुचत नाही.

आढाव्याचे प्रकरण मी पावसाळ्यात, म्हणजे सर्वात आधी, लिहायला घेतले. पणजीच्या पाटो भागातील मध्यवर्ती ग्रंथालयात बसून टिपणे काढताना वहीच्या डाव्या पानावर लेखकाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत आणि पृष्ठक्रमांकासह लिहायचे, आणि उजव्या पानावर पुस्तक मिटून माझे म्हणणे लिहायचे, अशी पद्धत ठेवली. पद्धत साधीच आहे, पण आठ महिन्यांनी वही उघडल्यावर कोणते वाक्य कोणाचे हा प्रश्न पडत नाही. चोरी करण्याची इच्छा मुळीच नसलेला विद्यार्थीसुद्धा सरमिसळ झालेल्या टिपणांमुळेच अडकतो, आणि त्या वेळी मूळ पुस्तक शोधायला पुन्हा पणजीला जाण्याइतका अवधी त्याच्याकडे नसतो. मसुदा वाचताना मला एक खूण उपयोगी पडली : एखादे वाक्य माझ्या नेहमीच्या वाक्यांपेक्षा अचानक घोटीव वाटले, की मी वही काढून डावे पान तपासत असे.

उचललेला मजकूर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मराठीच्या विद्यार्थ्यांमध्ये एक समजूत आहे की, आपल्या लिपीतील मजकूर पकडला जात नाही. तिला थोडाफार आधार आहे. जुन्या फाँटमध्ये जुळवलेल्या प्रबंधांतील मजकूर उचलला तर पडद्यावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात, आणि जे यंत्राला वाचताच येत नाही त्याच्याशी ते तुलना कशी करणार? पण युनिकोडमधील मजकूर वाचला जातो, आणि त्या विषयातले परीक्षक तर आयुष्यभर हीच पुस्तके वाचत आलेले असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या ठरवून दिलेल्या मुदतीत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. 40 ते 60 टक्क्यांना सुधारित प्रबंध देण्यास एक वर्षाची बंदी, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. दहा टक्के म्हणजे तेवढे उचलायची मुभा, असा अर्थ काही जण काढतात. तो मला पटत नाही.

आता तारखांविषयी. जूनअखेर प्रबंध द्यायचा असे ठरवून मी मागे मोजत गेले. जून महिना अर्ज, प्रमाणपत्रे, छपाई आणि बांधणी यांसाठी ठेवला. मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून साम्य-अहवाल आणि त्यावरील दुरुस्त्या तिथे आल्या. एप्रिल मार्गदर्शकांच्या वाचनाचा. म्हणजे संपूर्ण मसुदा मार्चअखेर हातात हवा. यातला एप्रिल महिना बहुतेक विद्यार्थी धरतच नाहीत. मार्गदर्शक आठ दिवसांत वाचून देतील असे गृहीत धरतात, आणि मग परत आलेल्या शेऱ्यांना उत्तर देताना घाईचे परिच्छेद जन्माला येतात. मी मॅडमना जानेवारीतच विचारले होते की, वाचायला त्यांना किती दिवस लागतील. त्या म्हणाल्या, "एकेक प्रकरण देत गेलीस तर वीस दिवस, सगळे एकदम दिलेस तर मला विचारू नकोस." त्याप्रमाणे तयार प्रकरणे फेब्रुवारीपासूनच त्यांच्याकडे जाऊ लागली.

मे महिन्यात अहवाल आला तेव्हा साम्य बहुतेक ग्रंथनामांत, गावांच्या यादीत आणि गाण्यांच्या छापील पाठांत होते. ते पाठ मी तुलनेसाठी स्रोतासह दिले होते; फक्त त्यांना अवतरणाचे स्वरूप नीट दिलेले नव्हते, ते दिले. प्रस्तावनेतील तालुक्याच्या माहितीचा एक परिच्छेद मात्र एका शासकीय प्रकाशनाच्या भाषेला फारच जवळचा निघाला. तो नव्याने लिहायला दोन दिवस गेले, कारण त्यातील निम्मी माहिती माझ्या विषयाला लागतच नव्हती आणि काय ठेवायचे हे ठरवावे लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रबंध बांधणीला गेला.