बाल्कनीच्या पंधरा सळ्या

“स्लॅब टाकायला चार तास उरलेत आणि सळई कमी निघाली, तर वरिष्ठांना सांगायचं कसं?”

मोजून सांगायचं. समजा, सकाळी सहाला एक नवी इंजिनिअर बाल्कनीपाशी उभी आहे. काँक्रीटचा पंप दहाला यायचा आहे. बाल्कनी 3 मीटर रुंद, भिंतीबाहेर 1.2 मीटर. ड्रॉइंगमध्ये वरच्या थराला 10 मिमीच्या सळ्या 200 मिमी अंतराने आणि दोन सळ्यांच्या मधोमध एकेक एक्स्ट्रा, म्हणजे एकूण 31. जागेवर भरतात 16. फिटर म्हणतो, “मॅडम, जाळी पूर्ण आहे की.” त्याचंही खोटं नाही, आतल्या स्लॅबची जाळी तो तशीच बाहेर घेऊन आलाय, एक्स्ट्राची ओळ तेवढी वाचायची राहिली. ही चूक नेहमीची.

बाल्कनी बाहेरच्या टोकाला झुकते, त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो आणि तो घेणारं पोलाद इथे निम्मंच आहे. काँक्रीट पडल्यावर हे कुणाला दिसणार नाही. टेकू काढल्यावर भिंतीलगत वरून तडा जाईल, आणि तोही फरशीखाली झाकला जाईल.

ती आधी ड्रॉइंगची शेवटची आवृत्ती तपासते, सळ्यांवर टेप ठेवून फोटो काढते, काँक्रीट टाकायला परवानगी देणाऱ्या पोअर कार्डावर सही करत नाही. मग साइट इन्चार्जना फोन: “सर, पूर्वेच्या बाल्कनीत टॉपच्या 31 सळ्या हव्यात, 16 आहेत. 10 मिमीच्या 15 कमी. प्लँटला गाडी थांबवायला सांगा, फोटो पाठवतेय.” “सळई जरा कमी वाटते” असं म्हटलं असतं तर “बघू” एवढंच उत्तर आलं असतं. प्लँटचा निरोप आधी जायला हवा, कारण मिसळलेलं काँक्रीट रस्त्यात थांबून राहत नाही. फोटो आणि हाच मजकूर ती लगेच लेखी पाठवते, स्ट्रक्चरल कन्सल्टंटलाही.

इन्चार्ज सुचवतात, “बाकीचा स्लॅब टाकू, बाल्कनी उद्या.” हे मात्र चालत नाही. जोड नेमका भिंतीपाशी येईल, जिथे ताण सर्वांत जास्त. मधल्या जागेत जाड सळ्या टाकून भागवू, हाही निर्णय साइटवरचा नव्हे, कन्सल्टंटचा.

आणि लागतंय किती? प्रत्येक सळई 3 मीटर: 1.2 बाहेर, 1.8 आत. पंधरांचं वजन जेमतेम 28 किलो. दोन फिटर तासा-दीड तासात बांधतात. आतल्या बाजूला वायरिंगचे पाइप आडवे आले तर थोडं जास्त. आत 1.8 मीटर पूर्ण गेलीय का, हे ती प्रत्येक सळईला टेप लावून बघते, कारण घाईत आतलंच टोक आखूड पडतं.

बांधून झाल्यावर ती वरच्या सळ्या उचलून धरणाऱ्या चेअर मोजते. 150 मिमीच्या स्लॅबमध्ये पायाखाली दबून वरची सळई 40 मिमी खाली गेली, तर ताकद साधारण एक तृतीयांश घटते. मग 31 असूनही उपयोग नाही. म्हणून पंप सुरू व्हायच्या आधी ती बाल्कनीवर चालायला फळ्या टाकून घेते.