चुकलेली इंटर्नल परत देताना: बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला माझा अनुभव

मी खानापूर तालुक्यातली. बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. कॉलेज विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी, म्हणजे व्हीटीयूशी संलग्न आहे आणि आमच्या बॅचला २०२२ ची स्कीम लागू आहे. तिसऱ्या सेमिस्टरची दुसरी इंटर्नल झाली तेव्हा मी गडहिंग्लजच्या एका खासगी दवाखान्यात सलाईनवर होते. दिवाळीला चंदगडला मावशीकडे गेले, तिथेच ताप भरला आणि तपासणीत डेंग्यू निघाला. परत आल्यावर ती टेस्ट मिळवायला काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते. आमच्या भागातल्या मुलामुलींचे नातेवाईक सीमेच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे माझ्यासारखी वेळ इथे बऱ्याच जणांवर येते.

एक टेस्ट चुकल्याने नेमकं किती बिघडतं, हे आधी सांगते. आमच्या स्कीममध्ये साध्या थिअरी विषयाला इंटर्नलचे ५० मार्क असतात. त्यातले २५ असाइनमेंटचे आणि २५ टेस्टचे. टेस्ट दोन होतात. पहिली साधारण निम्मा सिलॅबस झाल्यावर आणि दुसरी ८५ ते ९० टक्के झाल्यावर. दोन्ही टेस्ट २५ मार्कांच्या आणि दोन्हींची सरासरी धरतात. सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला बसायचं तर या ५० पैकी निदान २० मार्क लागतात.

एका विषयात पहिल्या टेस्टला मला १७ होते आणि असाइनमेंटचे २२. दुसरीला शून्य धरलं तरी सरासरी साडेआठ आणि एकूण साडेतीस. मार्क गेले असते, पण परीक्षेला बसता आलं असतं. गणिताचं तसं नव्हतं. तिथे पहिल्या टेस्टला ९ आणि असाइनमेंटचे १४. दुसरी शून्य म्हटल्यावर सरासरी साडेचार आणि एकूण साडेअठरा. म्हणजे गणिताच्या परीक्षेला बसताच आलं नसतं. हा हिशेब मी दवाखान्यातच मोबाईलवर केला आणि मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "आधी मेंटॉर सरांना मेसेज टाक. ॲडमिट असल्याचा कागद आणि हाताला सलाईन लावलेला फोटो पाठव. बाकीचं नंतर बघू." तो मेसेज पुढे फार उपयोगी पडला, कारण टेस्टच्या आधीच मी कळवलं होतं हे त्यावरच्या तारखेने दिसत होतं.

परत आल्यावर पहिला प्रश्न होता, परवानगी मागायची कुणाकडे? बाबांना वाटत होतं, विद्यापीठाचं ऑफिस इथे मच्छेलाच आहे, तर थेट तिथे अर्ज द्यावा. एच.ओ.डी. मॅडमनी समजावलं की संलग्न कॉलेजात इंटर्नल घेणं, तपासणं आणि मार्क भरणं हे सगळं कॉलेजचं काम असतं. विद्यापीठाकडे जातात ते फक्त मार्क, तेही पोर्टलवर आणि ठरलेल्या तारखेच्या आत. त्यामुळे परत टेस्ट घ्यायची की नाही हे कॉलेजातच ठरतं. आमच्याकडे त्याचा क्रम असा होता की अर्ज विषयाच्या सरांमार्फत एच.ओ.डी.कडे जायचा, एच.ओ.डी. शिफारस करायच्या आणि शेवटी प्राचार्य मंजुरी द्यायचे. विषयाचे सर एकट्याने "बस, देतो तुला" असं म्हणू शकत नाहीत, कारण तपासणीला कुणी आलं तर त्या ज्यादा टेस्टमागे मंजुरीचा कागद दाखवावा लागतो. स्वायत्त कॉलेजांत मात्र नियम त्यांचे स्वतःचे असतात. तिथे परीक्षा विभागाची पुस्तिकाच वाचावी लागते. आणि सेमिस्टरच्या शेवटची परीक्षा चुकली तर संलग्न कॉलेजच्या हातात काहीच नसतं, ती परीक्षा विद्यापीठाची.

पोर्टलवर मार्क भरायची मुदत हीच खरी शेवटची रेषा आहे. दुसरी टेस्ट सेमिस्टरच्या अगदी शेवटी येते, त्यामुळे तिच्यानंतर फारसे दिवस उरत नाहीत. अशक्तपणा होता तरी मी आधी अर्ज दिला आणि कमी असलेले कागद मागाहून जोडले. अर्जात चुकलेल्या टेस्टच्या तारखा, विषयांचे कोड, माझा यूएसएन आणि ॲडमिट-डिस्चार्जच्या तारखा एवढंच लिहिलं होतं. आजाराचं वर्णन मॅडमनी खोडायला लावलं. त्या म्हणाल्या, "आजार डॉक्टर सांगतील. तू फक्त तारखा सांग."

त्या तारखांवरच सगळं अवलंबून होतं. माझ्याकडे डॉक्टरांनी दिलेला एका परिच्छेदाचा दाखला होता, आजारी होती आणि विश्रांतीची गरज आहे, अशा मजकुराचा. ऑफिसात तो बाजूला ठेवला. असा दाखला बरं झाल्यावरही मिळतो, म्हणून एकट्या दाखल्यावर ते परवानगी देत नाहीत. त्यांनी मागितलं ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर ॲडमिट झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आयपीडी नंबर, निदान, डॉक्टरांची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर असतो. शिवाय लॅबचा रिपोर्ट आणि बिल. या तिन्ही कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का आणि त्यांच्या मध्ये टेस्टचे दिवस येतात का, हे मॅडमनी पेन्सिलने खुणा करत तपासलं. माझ्या तीन टेस्टपैकी शेवटची डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी होती. तिच्यासाठी डिस्चार्ज कार्डावरचा घरी विश्रांती घेण्याचा सल्ला दाखवावा लागला. तो तिथे लिहिलेला नसता तर त्या एका विषयाची टेस्ट मिळाली नसती, असं त्यांनी सरळ सांगितलं. म्हणून दवाखान्यातून निघतानाच हा सल्ला दिवसांसकट कार्डावर लिहून घ्यावा.

त्यानंतर दोन अडचणी आल्या आणि दोन्ही आमच्या सीमाभागातल्याच म्हणायच्या.

पहिली डॉक्टरांची. ऑफिसातल्या क्लार्कनी कागद पाहिले आणि कन्नडमध्ये म्हणाले, महाराष्ट्रातल्या दवाखान्याचं चालणार नाही, बेळगावच्या सिव्हिलमधून लिहून आणा. पण सिव्हिलचे डॉक्टर मला ज्या आजारात त्यांनी पाहिलंच नाही त्याचं काय लिहून देणार? मी परत मॅडमकडे गेले. डॉक्टरांची नोंदणी कुठल्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे आहे याला महत्त्व नाही, डॉक्टर नोंदणीकृत हवेत आणि नंबर कागदावर हवा, असा शेरा त्यांनी माझ्या अर्जावर इंग्लिशमध्ये लिहिला आणि सही केली. त्यानंतर तो मुद्दा परत निघाला नाही. कार्डावरचा शिक्का मराठीत होता, पण तारखा आणि निदान इंग्लिशमध्ये असल्यामुळे भाषांतर मागितलं नाही.

दुसरी अडचण नावाची, आणि ती जास्त त्रासाची ठरली. इकडे दहावीच्या मार्क्स कार्डावर माझं नाव आधी, मग बाबांच्या नावाचं एक अक्षर आणि शेवटी आडनाव. तिकडे मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, रात्रीच्या घाईत केसपेपर काढताना माझं घरातलं हाकेचं नाव सांगितलं होतं. त्यामुळे कार्ड, रिपोर्ट आणि बिल, सगळ्यांवर तेच. ही मुलगी तीच कशावरून, हा ऑफिसचा प्रश्न रास्तच होता. काकांनी दवाखान्यात आधार कार्डची झेरॉक्स दिली आणि दोन्ही नावं एकाच रुग्णाची आहेत, असं आयपीडी नंबरासह लेटरहेडवर लिहून मागितलं. तिथली रिसेप्शनिस्ट टाळाटाळ करत होती. तेव्हा काकांनी डॉक्टरांनाच गाठलं. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत आहे की रुग्णाने आपली कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची, आणि भरती रुग्णाची नोंद तीन वर्षं जपायची. डॉक्टरांना हे सांगायचीही गरज पडली नाही, त्यांनी समोर बसून पत्र लिहिलं. काकांनी मूळ पत्र चंदगडहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलं आणि बाबांनी ते बेळगावच्या स्टँडवर उतरवून घेतलं.

प्राचार्यांची सही झाल्यावर टेस्ट लगेच लागल्या. पेपर नवे होते, सिलॅबस मात्र दुसऱ्या टेस्टचाच. टेस्टची उत्तरं लिहायच्या ब्लू बुकात पहिल्या टेस्टच्या पुढच्या पानांवर परत घेतल्याची तारीख आणि मंजुरीचा शेरा लिहिला गेला. गणितात १६ पडले. ९ आणि १६ ची सरासरी साडेबारा, त्यात असाइनमेंटचे १४, एकूण साडेसव्वीस. परीक्षेला बसायचा मार्ग मोकळा झाला.

हजेरीचं प्रकरण वेगळं आहे, त्यात गल्लत करू नका. टेस्टला मिळालेल्या परवानगीने बुडालेले तास भरून निघत नाहीत. व्हीटीयूत ८५ टक्के हजेरी लागते. आजारपणासारख्या कारणासाठी १० टक्क्यांपर्यंतची सूट मिळू शकते, पण ती प्राचार्यांच्या शिफारशीवर कुलगुरू देतात. म्हणून त्याच कागदांचा दुसरा संच जोडून मी वेगळा अर्ज दिला होता. माझी हजेरी काठावर पण पुरेशी निघाली, म्हणून तो पुढे पाठवावा लागला नाही.

त्याच वेळी वर्गातल्या दोघांचे अर्ज होते. एकाचे आजोबा निपाणीजवळच्या गावी वारले होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची मुभा असते, त्यामुळे घरचे क्रियाकर्मात असताना दाखला लगेच हातात येत नाही. त्याने ग्रामपंचायतीचं पत्र आणि वडिलांचा अर्ज दिला, दाखला नंतर जोडीन असं लिहून दिलं, आणि मॅडमनी ते मान्य केलं. दुसरा रोज चंदगडहून एसटीने येणारा. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन राज्यांमधल्या बस बंद पडल्या होत्या, तशी वेळ आली की त्याच्याकडे दाखवायला कसलाच दाखला नसतो. त्याचा अर्ज मात्र सर्दी-तापाच्या एका दिवसाचा होता, नुसत्या ओपीडीच्या चिठ्ठीवर, आणि तो नामंजूर झाला. बस बंद असेल तर पेपरच्या आधी सकाळीच मेंटॉरना फोन करायचा, म्हणजे त्यांना स्वतः खात्री करून घेता येते, असं मॅडमनी त्याला तेव्हाच सांगितलं.

मार्क पोर्टलवर भरण्याआधी विद्यार्थ्याला दाखवून सही घेतात. माझ्या सहीच्या वेळी एका विषयापुढे दुसऱ्या टेस्टच्या रकान्यात अजून गैरहजरच लिहिलेलं होतं. मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स बॅगेत होती, ती दाखवल्यावर सरांनी तिथेच दुरुस्ती केली आणि मग मी सही केली.