मावशीच्या मसाल्याच्या चॅनलवरचे उसने टॅग साफ केले त्याचा अनुभव

माझी मावशी कराडला घरगुती कांदा-लसूण मसाला करून विकते, आणि त्याचंच तिचं यूट्यूब चॅनल आहे. बेडगी कशी निवडायची, कांदा किती वाळवायचा, खोबरं कुठपर्यंत भाजायचं असे व्हिडिओ. शूटिंग घरचंच, पण अपलोड, टायटल, थंबनेल, टॅग हे सगळं एका डिजिटल मार्केटिंगवाल्या पोराकडे दिलेलं होतं, महिन्याचे पैसे ठरवून. तर एके दिवशी यूट्यूबचा मेल आला की तुमचा एक व्हिडिओ काढून टाकलाय, कारण स्पॅम आणि फसवणुकीच्या पॉलिसीत तो बसत नाही, आणि चॅनलला वॉर्निंग दिलीय. मावशीचा मला फोन, "अरे मी मसाला दाखवला, त्यात फसवणूक कसली?"

लॉगिन घेतलं आणि बघितलं. व्हिडिओ खरंच साधा होता, मावशी मिरच्या निवडतेय. पण थंबनेलवर एका मालिकेतल्या अभिनेत्रीचा फोटो, तिच्याकडे जाणारा लाल बाण, आणि व्हिडिओत त्या बाईंचा कुठेही संबंध नाही. खाली डिस्क्रिप्शनमध्ये दोन ओळी मसाल्याच्या आणि मग नुसता नावांचा ढीग. मोठमोठ्या मसाला कंपन्या, दोन-तीन प्रसिद्ध रेसिपी चॅनल, हिरोइनी, एक क्रिकेटर पण (तो काय मसाला कुटतो काय). शेवटी तीच नावं परत हॅशटॅग करून, आणि व्हिडिओ शोधला जावा म्हणून अपलोड करताना जे शब्द वेगळ्या खोक्यात भरतात, त्या टॅगमध्येही तीच. कंपन्यांची नावं मी इथे लिहीत नाही, नाहीतर माझ्याच पोस्टवर त्यांच्या नावाने लोक यायचे.

त्या पोराला फोन केला तर तो एकदम शांत. "सर, सगळे करतात, आणि टॅग कुणाला दिसत नाहीत." हे अर्धवट खरं. टॅग व्हिडिओखाली दिसत नाहीत हे बरोबर, पण लपलेलेही नसतात. कॉम्प्युटरवर कुठलाही व्हिडिओ उघडा, ॲड्रेसच्या आधी `view-source:` टाका आणि आलेल्या जंगलात `"keywords"` शोधा, सगळे टॅग ओळीने मिळतात. म्हणजे ज्या कंपनीचं नाव वापरलंय तिच्या माणसाला हे शोधायला मिनिटही लागत नाही. आणि दुसरं म्हणजे यूट्यूबने स्वतःच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलंय की टॅगचा उपयोग मुख्यतः लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग चुकवतात त्यासाठी, बाकी व्हिडिओ शोधला जाण्यात टॅगचा वाटा फारच कमी. टॅगच्या खोक्यात एकूण 500 अक्षरं मावतात आणि मावशीच्या बहुतेक व्हिडिओंत ती शेवटपर्यंत भरलेली, त्यातले तिच्या मसाल्याबद्दलचे शब्द बोटावर मोजण्याइतके. उसनं नाव टॅगमध्ये टाकून मिळतं जवळपास काहीच नाही, म्हणून मग ही मंडळी तेच नाव डिस्क्रिप्शनमध्ये, हॅशटॅगमध्ये, थंबनेलवर आणतात. तिथे थोडे लोक येतात खरे, आणि पकडलं जातंही तिथेच. डिस्क्रिप्शनमध्ये टॅगचा ढीग ओतणं थेट नियमाविरुद्ध आहे, संबंध नसलेले हॅशटॅग टाकले तर व्हिडिओ जाऊ शकतो, 60 पेक्षा जास्त हॅशटॅग झाले तर यूट्यूब त्यातला एकही धरत नाही, आणि व्हिडिओत नसलेल्या सेलिब्रिटीचा फोटो थंबनेलवर लावणं ही तर फसव्या थंबनेलची अगदी नेहमीची केस.

मग एकेका व्हिडिओच्या ॲनालिटिक्समध्ये गेलो. रीचच्या टॅबमध्ये यूट्यूब सर्चवर क्लिक केलं की लोक काय टाइप करून आले ते शब्द दिसतात, आणि त्याच्या शेजारी त्यांनी सरासरी किती वेळ बघितलं तेही. तिथे चित्र फार स्पष्ट होतं. "कांदा लसूण मसाला रेसिपी" शोधून आलेली माणसं निम्म्याच्या पुढे व्हिडिओ बघत होती. मोठ्या ब्रँडचं नाव शोधून आलेली अर्ध्या मिनिटात पळत होती. साहजिकच आहे, त्यांना त्या कंपनीच्या पाकिटाची भाजी कशी करायची ते हवं होतं, समोर आली कराडची एक मावशी. आता ही पळालेली माणसं हिशोबात धरली जातात ना, क्लिक करून लगेच परत गेले म्हणजे यूट्यूबला कळतं की हा व्हिडिओ दाखवून उपयोग नाही, आणि मग ज्याला खरंच घरी मसाला करायचाय त्यालाही तो कमी दाखवला जातो.

पण मला जास्त लागलं ते व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरींचं. मावशीचा नंबर डिस्क्रिप्शनमध्ये होता. नागपूरच्या एका ताईंनी दोन किलो मागवला आणि पार्सल मिळाल्यावर मेसेज की पाकिटावर कंपनीचं नाव का नाही, तुम्ही त्यांची कराडची शाखा ना? मावशीला काही कळेना, तिने "अहो ताई, हा माझाच मसाला आहे" असं लिहिलं, त्यावर त्या चिडल्या, आणि चुकीचं नव्हतंच त्यांचं. त्यांनी एका नावावर विश्वास ठेवून पैसे पाठवले होते. मावशीने पैसे परत केले, मसाला राहू दे म्हणाली. व्ह्यूजच्या आकड्यात हे कुठे दिसत नाही.

आता वॉर्निंगचं काय करायचं. पहिल्यांदा झालं असेल तर सहसा नुसती वॉर्निंग मिळते, त्यानंतर परत झालं तर स्ट्राइक. पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा अपलोड बंद, 90 दिवसांत दुसरा आला तर दोन आठवडे, त्याच 90 दिवसांत तिसरा आला तर चॅनलच जातं. माझ्यापुढे दोन रस्ते होते, अपील करायचं किंवा यूट्यूबचं पॉलिसी ट्रेनिंग घ्यायचं. यूट्यूब स्टुडिओच्या डॅशबोर्डवरच उल्लंघनाचं कार्ड दिसतं, तिथून दोन्ही होतं. मावशी म्हणत होती अपील कर, व्हिडिओत काही खोटं नाही. मी तिला थंबनेल दाखवलं आणि विचारलं, ही बाई तुझ्या व्हिडिओत कुठे आहे? ती गप्प. अपील तेव्हा करावं जेव्हा त्यांची चूक असेल, इथे नव्हती. ट्रेनिंग घेतलं, छोटे प्रश्न असतात, काय चालतं काय नाही असे. ते पूर्ण केल्यावर 90 दिवस त्याच पॉलिसीखाली परत काही झालं नाही तर वॉर्निंग निघून जाते. एक गैरसमज इथेच सांगतो, त्या पोराने सुचवलं होतं की बाकीचे डाउटफुल व्हिडिओ आहेत तेवढे डिलीट करा, पण आलेली वॉर्निंग किंवा स्ट्राइक व्हिडिओ डिलीट केल्याने जात नाही.

आणि डिलीट करायची गरजही नव्हती, व्हिडिओ चांगले होते, वरचं लेबल खोटं होतं. स्टुडिओत कंटेंटमध्ये जाऊन सगळे व्हिडिओ सिलेक्ट केले की वर एडिट येतं, त्यात टॅग निवडून नको ते टॅग सगळ्यांतून एकदम काढता येतात. डिस्क्रिप्शनला मात्र तसं जमलं नाही कारण प्रत्येक ढीग जरा वेगळा, कुठे स्वल्पविराम, कुठे उभ्या रेघा, म्हणून एकेक उघडून हाताने. थंबनेल पण नवीन, मावशीच्याच हाताचे फोटो, खलबत्ता, वाळत घातलेला कांदा. सगळ्यात आधी थंबनेल आणि हॅशटॅग साफ केले, टॅगचं खोकं शेवटी, कारण धोका त्या क्रमाने जास्त.

मधेच माझा वकील मित्र म्हणाला की तुम्ही यूट्यूबपुरतं बघताय, कंपनीची नोटीस आली असती तर? त्याने मुंबई हायकोर्टाचं 2014 चं प्रकरण सांगितलं, एका विवाह जुळवणाऱ्या साइटने शादी डॉट कॉमचं नाव स्वतःच्या पानाच्या मेटा टॅगमध्ये घातलं होतं, जे वाचणाऱ्याला दिसत नाही पण सर्च इंजिनला दिसतं, आणि कोर्टाने ते दुसऱ्याची गर्दी पळवणं आहे असंच धरून मनाई केली. 2023 मध्ये दिल्ली हायकोर्टाने गुगलच्या जाहिरातींतल्या कीवर्डबद्दल सांगितलं की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून घेतला एवढ्यानेच उल्लंघन होत नाही, पण त्यातून लोकांचा गोंधळ होत असेल किंवा त्या नावाचा गैरफायदा घेतला जात असेल तर होतं. ही प्रकरणं वेबसाइट आणि जाहिरातींची, यूट्यूबच्या टॅगची नाहीत. पण त्या नागपूरच्या ताईंचा मेसेज कुणी कोर्टात ठेवला असता तर गोंधळ झाला नाही असं आम्ही कुठल्या तोंडाने म्हणणार होतो.

एका व्हिडिओवर आमचं जरा वाजलं. त्यात मावशीने बाजारातलं एका ब्रँडचं पाकीट फोडून स्वतःच्या मसाल्याशेजारी ठेवलंय, रंग, वास, तेलात टाकल्यावर काय होतं, सगळं दाखवलंय. मी घाबरून तिथलंही नाव काढायला निघालो तर ती म्हणाली, "अरे ते पाकीट तर माझ्या हातात आहे, त्याचं नाव का नको?" बरोबर होतं तिचं. ज्याने ते नाव शोधलं त्याला त्या पाकिटाबद्दलच बघायला मिळतंय, म्हणून तिथे नाव टायटलमध्ये आणि टॅगमध्येही ठेवलं. फक्त टायटल असं केलं की तुलना आहे आणि आम्ही ती कंपनी नाही हे वाचताक्षणी कळावं, आणि कंपनीचा लोगो थंबनेलवर घेतला नाही.

साफसफाईनंतर व्ह्यूज पडले, हे खोटं कशाला सांगू. मावशी रोज विचारायची, आज किती? पण सरासरी बघण्याचा वेळ वाढला, आणि फोनवर येणारे लोक आता "तुमचा व्हिडिओ बघितला, अर्धा किलो पाठवा" असं म्हणतात, शाखेबद्दल कुणी विचारत नाही. 90 दिवस झाल्यावर वॉर्निंगही गेली. त्या पोराचं काम बंद केलं, टॅग आता मीच टाकतो आणि ते टाकायला जास्त वेळ लागत नाही. कांदा लसूण मसाला, कांदा लसून मसाला, `kanda lasun masala`, `kanda lasoon masala`, `kanda lahsun masala`, घाटी मसाला, कराड, सातारा, बेडगी मिरची, ब्याडगी मिरची. लोक खरंच इतक्या तऱ्हेने लिहितात, आणि हे सगळं मिळूनही 500 मधली निम्म्याहून जास्त अक्षरं उरतात, ती रिकामीच ठेवतो.