ओकायामाला पहिलं पत्र

जपानी शिकायला लागून दोन वर्षं झाली, एन फोरची परीक्षाही कशीबशी पार पडली. तेव्हा आमच्या सेन्सेईंनी एक पत्ता हातात ठेवला. ओकायामात राहणाऱ्या, साठीच्या एक बाई, त्यांच्या ओळखीतल्या. "त्यांना भारतात पत्रमैत्रीण हवी आहे. ई-मेल नको म्हणतात, हातानं लिहिलेलं पत्र हवंय. लिहिशील का?" मी लगेच हो म्हटलं. पहिल्या पत्रात असतं काय? नमस्कार, मी कोण, घरी कोण, दिवसभर काय करते. एका संध्याकाळचं काम, असं वाटलं. तीन आठवडे लागले.

पहिला मसुदा मी रविवारी दुपारी बसून लिहिला. 'हाजिमेमाश्ते', म्हणजे आपण प्रथमच भेटतोय, असा नमस्कार. मग माझं नाव मृणाल, मी पुण्यात राहते, मी सहाला उठते, मी चहा पिते, मी बँकेत काम करते. सेन्सेईंनी पान वाचलं आणि लाल पेननं फक्त एका शब्दाभोवती गोल काढत गेल्या. 'वाताशि वा', म्हणजे 'मी'. अकरा गोल झाले. "अगं, मराठीत लिहिताना तू अकरा वेळा मी मी करतेस का?"

खरंच करत नाही. 'सहाला उठते, चहा टाकते, पेपर चाळते' यात 'मी' कुठे आहे? आपल्याकडे क्रियापदच सांगून टाकतं. जपानी क्रियापद तसं काही सांगत नाही, पण पत्र कोणाचं आहे हे वाचणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तिथेही 'मी' गळतो. मी मात्र शाळेत इंग्रजी निबंध लिहावा तशी वाक्यं जुळवत बसले होते. एक 'वाताशि' ठेवून बाकीचे दहा खोडले, तर पत्र एकदम मोठ्या माणसानं लिहिल्यासारखं दिसायला लागलं.

'तुम्ही'चा घोळ याच्या उलट झाला. वयानं मोठ्या बाई म्हणून मी अदबीनं सगळीकडे 'आनाता' लिहिलं होतं. शब्दकोशात त्याचा अर्थ 'तुम्ही' असाच आहे. पण आपल्या 'तुम्ही'त जो मान आहे तो त्यात नाही, उलट नाव माहीत असलेल्या माणसाला 'आनाता' म्हटलं तर ते जरा तुटक, काहीसं उद्धट वाटतं. तिथे नाव घ्यायचं आणि पुढे 'सान' लावायचं. म्हणजे 'तुम्ही कधी उठता?' असं नाही, तर 'अमुकसान कधी उठतात?' असं खुद्द त्यांनाच विचारायचं. लिहिताना मला सारखं वाटत होतं की मी त्यांच्याबद्दल तिसऱ्याच कोणाला विचारतेय.

माझं स्वतःचं नाव हे वेगळंच प्रकरण. परकी नावं कातकाना लिपीत लिहितात. तिच्यात ऋ नाही, ण नाही आणि ल तर नाहीच, त्यामुळे मृणालची झाली 'मुरुनारु'. सेन्सेई म्हणाल्या, मुरिनारु लिहिलंस तरी चालेल, पण एकदा ठरवलं की बदलू नकोस. मुरुनारु ठेवलं. पुढे 'सान' लावलं होतं तेही त्यांनी खोडलं, कारण स्वतःच्या नावाला सान लावत नाहीत. आपणही स्वतःला 'मृणालताई' म्हणवून सही करत नाही!

मग ऋतूचा मुद्दा. जपानी पत्रात नमस्कारानंतर लगेच कामाचं बोलत नाहीत, आधी हवापाण्याची दोन वाक्यं येतात. दिवस जूनचे होते. तिकडे तेव्हा पावसाळा असतो, त्याला 'त्सुयु' म्हणतात आणि तो ज्या दोन चित्राक्षरांनी लिहितात त्यातलं एक 'उमे' या आंबट फळाचं, दुसरं पावसाचं. उमे पिकतात तेव्हाचा पाऊस. वहीत एक भारदस्त तयार वाक्य होतं, तेच मी उतरवून काढलं. सेन्सेईंनी नाक मुरडलं. "हे ऑफिसच्या पत्रातलं आहे. तुझ्या खिडकीतून काय दिसतंय ते लिही." खिडकीतून काहीच दिसत नव्हतं, पाऊस लांबला होता. मग लिहिलं की तुमच्याकडे उमेचा पाऊस असेल, आमच्याकडेही त्याआधी आंबे पिकताना ज्या सरी येतात त्यांना आम्ही आंबेसरी म्हणतो, आणि आता खऱ्या पावसाची वाट बघतोय. संपूर्ण पत्रात मला स्वतःला आवडलेली हीच दोन ओळींची जागा.

रोजच्या आयुष्यातलं काय सांगायचं, यावर बराच खल झाला. 'ओचा पिते' असं लिहिलं असतं तर त्यांच्या डोळ्यांसमोर हिरवा चहा आला असता, म्हणून 'चाइ' लिहून दूध, साखर, आलं सगळं घातलं. पोह्यांना शब्द नाही, 'चेपलेला तांदूळ' म्हणून वेळ मारून नेली. मी सहाला उठते तेव्हा तिथे साडेनऊ वाजलेले असतात हे लिहिलं, आणि त्या वेळी त्या काय करत असतात ते विचारलं. शिवाय ओकायामाचा आणि पुण्याचा धागा होताच. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. मी रविवारी तिथे फिरायला जाते, तर तुम्ही मूळ बागेत जाता का, असं लिहिलं. हा प्रश्न पहिल्या मसुद्यात मला सुचलाच नव्हता, कारण मी नुसती यादी करत सुटले होते.

सगळ्यात वेळ घेतला सासूबाईंनी. त्या आमच्याकडेच असतात, त्यामुळे पत्रात यायलाच हव्यात. जपानीत स्वतःच्या आईबद्दल बाहेरच्यांशी बोलताना 'हाहा' म्हणायचं आणि दुसऱ्याच्या आईला मानानं 'ओकाआसान'. सासूसाठी वेगळा शब्द आहे, 'श्यूतोमे'. त्याचं चित्राक्षर बघितलं तर डावीकडे 'स्त्री' आणि उजवीकडे 'जुनी'. मी ते घरी बोलून बसले.

"जुनी?" सासूबाई म्हणाल्या. "असं लिहितेस माझ्याबद्दल परदेशात?"

सेन्सेईंचंही म्हणणं पडलं की तो शब्द पत्रात रुक्ष वाटेल. 'ओत्तो नो हाहा', नवऱ्याची आई, असं लिही. तसं लिहिलं. त्यांचं वय लिहू नकोस, अशी सासूबाईंची स्वतंत्र सूचना होती.

शेवटी 'उत्तराची वाट पाहते' असं होतं, ते बदलून 'सवडीनं उत्तर द्या' केलं, म्हणजे त्यांच्यावर घाई येत नाही. पाकिटावर नावापुढे 'सान' नाही, 'सामा'. सातआकडी पिनकोड आणि पत्ता रोमन अक्षरांत, खाली ठळक जपान. पोस्टात काउंटरवरच्या माणसानं वजन केलं, तिकिटं दिली आणि पाठवणाऱ्याचा पत्ता कुठे आहे विचारलं. तो मी विसरलेच होते. तिथेच उभ्या उभ्या लिहिला.

उत्तर ऑगस्टमध्ये आलं. बारीक, सरळ अक्षर, पाच ठिकाणी शब्दकोश काढावा लागला. साडेनऊला त्या कपडे वाळत घालत असतात. पोहे गोड असतात की तिखट, असं विचारलं आहे. आणि शेवटच्या ओळीत, माझ्या 'ओत्तो नो हाहा'ला बाजूला सारून, 'ओकाआसामांना माझा नमस्कार सांगा'.

"सामा म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"सानच्याही वरचं."

त्यांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि चष्मा शोधायला गेल्या.