भिंतीत फिरणारी गिट्टी

फोंड्यातल्या एका घरात न्हाणीघरातला आधाराचा दांडा ढिला झाला होता. घरात म्हातारी आजी, त्यामुळे दांडा त्याच दिवशी घट्ट व्हायला हवा होता. टाइलच्या मागे प्लास्टर आणि त्यामागे चिऱ्याचा दगड. तीन स्क्रूंपैकी दोन नीट निघाले. तिसरा उलटा फिरवला की भिंतीत स्क्रूला धरून ठेवणारी ८ मिलिमीटरची प्लास्टिकची गिट्टीही त्याच्याबरोबर फिरायची.

अशा वेळी बहुतेक मिस्त्री १० चा बिट हॅमर ड्रिलवर लावून गिट्टी फोडून काढतात. मला ते अजिबात पटत नाही. बिट प्लास्टिकवरून घसरतो, भोक वाकडं होतं, टाइलची कड उडते आणि ती जागा दांड्याच्या गोल चकतीखालीही झाकत नाही.

गिट्टी फिरते, कारण तिचे बाजूचे पंख झिजलेले असतात किंवा भोक मुळातच सैल असतं. म्हणून स्क्रू फिरवताना तो बाहेर ओढत राहावं लागतं. स्क्रूच्या डोक्याखाली पुट्टीचं पातं सरकवलं, टाइलवर पुठ्ठा ठेवला आणि हलका ताण देत स्क्रू सावकाश उलटा फिरवला. स्क्रू निघाला. गिट्टी धड असती तर तोच स्क्रू पुन्हा दोन-तीन आटे घालून पकडीने सरळ ओढला असता. जास्त आत घालायचा नाही, नाहीतर गिट्टी पुन्हा फुगते. पण इथे प्लास्टिक जुनं, कडक झालेलं. तोंडाची कॉलर बोटाच्या दाबाने चुरा झाली.

मग ४ मिलिमीटरचा स्क्रू पकडीत धरून गॅसवर तापवला. लाल होऊ द्यायचा नाही. प्लास्टिक नुसतं मऊ व्हायला हवं. ते वितळून वाहिलं तर चिऱ्याच्या छिद्रांत शिरून घट्ट बसतं. खिडकी उघडी ठेवून स्क्रू जेमतेम सेंटिमीटरभर आत दाबला आणि पूर्ण थंड होऊ दिला. इथेच लोक घाई करतात. गरम असताना ओढला तर नुसता स्क्रू हातात येतो. थंड झाल्यावर प्लास्टिक आट्यांत धरतं. स्क्रू न फिरवता सरळ ओढला, गिट्टीचा मोठा तुकडा बाहेर आला. भिंतीला चिकटलेली साल अणकुचीदार पकडीने आतल्या बाजूला दुमडून काढली. नायलॉनच्या गिट्टीला हा उपाय सहज लागू पडत नाही, तिला जास्त उष्णता लागते. तिथे ५ चा बिट ड्रिलचा हॅमर बंद ठेवून मधोमध चालवावा आणि उरलेली साल अशीच दुमडावी.

भोकातली पूड फुंकून काढली. नवी ५० मिलिमीटर लांबीची गिट्टी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी आत गेली. अंगठ्याने गेली असती तर भोक मोठं झालं, असं समजलो असतो. आखूड गिट्टी प्लास्टरमध्येच अडकते आणि चिऱ्यापर्यंत पोचत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घातले, इथल्या पावसाळ्यात साधे गंजतात.

जुन्या गिट्टीचं टोक मात्र तळाशी राहिलं. भोक ६० मिलिमीटर खोल होतं, त्यामुळे नव्या गिट्टीला अडथळा नव्हता. ते उकरून काढायला हवं होतं का, हे अजून मनात येतं. पण उकरलं असतं तर मऊ चिरा आतून ढासळला असता आणि नव्या गिट्टीची पकडच गेली असती.